सहाव्या महिन्यात दाढ ठणकली तर

ऐरोलीहून आलेली ती पहिलटकरीण खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. पाचवा सरून सहावा लागला होता, नेमकं सांगायचं तर २२वा आठवडा. उजवीकडची खालची दाढ तीन रात्री ठणकत होती, गाल किंचित सुजला होता, आणि दोन दिवस ती फक्त डाव्या बाजूनं पेज-भात गिळत होती. सोबत सासूबाई होत्या. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, फक्त बघा आणि गोळी द्या. सुई नको, एक्स-रे तर नकोच. बाळंतपण झालं की पुढचं बघू." त्याआधी एका दवाखान्यानं "डिलिव्हरीनंतर या" म्हणून त्यांना परत पाठवलं होतं, त्यामुळे सासूबाईंची खात्रीच झाली होती.

मी ठाण्यात दातांचा दवाखाना चालवते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पहिला प्रश्न दाढेबद्दल विचारतच नाही. "आत्तापर्यंत काय काय गोळ्या घेतल्या?" हे विचारते. तिनं पर्समधून अर्धी संपलेली स्ट्रिप काढली. डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. मेडिकलमधून आणलेली, दिवसाला दोन, तीन दिवस. मेडिकलवाल्याला दिवस गेलेत हे सांगितलंच नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

पोटातल्या बाळाच्या दृष्टीनं त्या तीन दिवसांत खरा धोका याच गोळीत होता. ज्या सुईला सगळे घाबरत होते तिच्यात नाही. तिच्या दाढेवर आणि हिरड्यांवर काय काय केलं आणि का केलं, ते इथे क्रमानं सांगते.

सुरुवात हिरड्यांपासून झाली होती

दाढेचं दुखणं तीन दिवसांचं, पण तिसऱ्या महिन्यापासून ब्रश केला की थुंकीत रक्त येत होतं. कुणीतरी म्हणालं, "गरोदरपणात होतंच असं." ते अर्धं खरं आहे. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या हिरड्या कमी-जास्त सुजतात. पण हे ऐकून तिनं जे केलं ते चुकलं. रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं आणि बोटानं मंजन फिरवायला लागली.

हिरडी दाताला जिथे चिकटते त्या कडेवर रोज एक मऊ, पांढरट थर साचतो. तो जंतूंचा असतो. तो घासून निघाला नाही की हिरडी चिडते, लाल होते आणि सुजते. हे सगळ्यांनाच होतं, पुरुषांनाही. गरोदरपणात फरक इतकाच की प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं खूप वाढलेली असतात. त्यांच्यामुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांच्या भिंतीतून जास्त पाझर होतो. शिवाय या थरातल्या काही जंतूंना ही संप्रेरकं चक्क अन्नासारखी उपयोगी पडतात. त्यामुळे एरवी ज्या थरानं हिरडी नुसती गुलाबीची लालसर झाली असती, त्याच थरानं आता ती टम्म फुगते आणि ब्रशच्या स्पर्शानंही रक्त देते. साधारण दुसऱ्या महिन्यापासून हे सुरू होतं, आठव्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि बाळंतपणानंतर ओसरतं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संप्रेरकं एकटी हिरडी बिघडवत नाहीत, त्यांना थर लागतो. म्हणून तोंड स्वच्छ असलेल्या बाईची हिरडी नवव्या महिन्यातही बरी राहू शकते. आणि म्हणूनच रक्त येतं त्या जागी ब्रश सोडायचा नसतो, तिथेच तो जास्त जपून लावायचा असतो. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यायचा, तो हिरडीच्या कडेकडे तिरपा धरायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. थर रोज निघायला लागला की आठ-दहा दिवसांत रक्त कमी झालेलं तिला स्वतःलाच दिसतं. नाही झालं तर दातावर कीटण घट्ट बसलेलं आहे असं समजायचं. ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं.

तिच्या बाबतीत ब्रश सुटायला आणखी एक कारण होतं. पहिले चार महिने उलट्या. तोंडात ब्रश घातला की उमासा यायचा. उलटीतलं आम्ल दातांवरचं कवच थोडा वेळ मऊ करतं, आणि त्याच क्षणी घासलं तर ते झिजतं. उलटी झाली की कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरायच्या आणि ब्रश अर्ध्या-एक तासानं करायचा. फेसाची, झणझणीत पेस्ट सोसत नसेल तर सौम्य चवीची घ्यायची, पण फ्लोराइड असलेली. त्यात पोट रिकामं राहू नये म्हणून दर दोन तासांनी बिस्किट, राजगिऱ्याची चिक्की, खजूर असं चालू होतं. दाढेत आधीपासून असलेली बारीक कीड या चार महिन्यांत दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेली.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात म्हणतात, एक मूल एक दात. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं." तसं होत नाही. एकदा दात तयार झाला की त्यातलं कॅल्शियम रक्तात परत जात नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या जेवणातून येतं आणि ते कमी पडलं तर तिच्या हाडांतून. त्या काळात दात जातात ते कीड आणि हिरड्यांकडे दुर्लक्ष झाल्यानं. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशा घ्याव्यातच, पण त्यांनी किडलेली दाढ वाचणार नाही.

मिश्रीचं मात्र मला जरा स्पष्ट बोलावं लागलं. दुखणाऱ्या दाढेला बधिरपणा यावा म्हणून घरातून तिला चिमूटभर मिश्री लावायला दिली होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री किंवा इतर प्रकारची तंबाखू तोंडात वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती. सासूबाई स्वतः तीस वर्षं मिश्री लावत होत्या. त्या गप्प झाल्या, पण सुनेच्या हातातली डबी त्याच दिवशी गेली.

गोळी घेऊन थांबता का येत नाही

आत पाहिलं तर दाढेला मोठा खड्डा होता आणि तिच्यावर हलकं ठोकलं तरी ती कळवळत होती. हिरड्यांची सूज सहसा दुखत नाही, नुसतं रक्त येतं. रात्री झोपेतून उठवणारी ठणक, गरम लागलं की वाढणारी कळ आणि चावताना दाढ "उंच झाल्यासारखी" वाटणं ही खूण आतल्या नसेला आणि मुळाच्या टोकाला जंतुसंसर्ग झाल्याची.

अशा वेळी नुसती अँटिबायोटिक देऊन तीन-चार महिने काढू, हा विचार वरवर सुरक्षित वाटतो. पण गोळी रक्तातून पोचते, आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. दाढेच्या आतली ती पोकळी बंद कोठडीसारखी असते. आतली घाण तशीच राहते, गोळीनं बाहेरची सूज तेवढी बसते आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा उलटते. म्हणजे बाळाच्या वाट्याला औषधांचे तीन-चार कोर्स येतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी. कोठडीचं दार उघडून घाण बाहेर काढणं हाच इलाज असतो.

मी तिच्या गायनॅकना फोन केला. दात करू का अशी परवानगी मागायला नाही, चार गोष्टी विचारायला: रक्तदाब किती, साखर वाढली आहे का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती, आणि रक्त पातळ करणारं काही चालू आहे का. हल्ली बऱ्याच जणींना कमी डोसची अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असतात, ती दातासाठी आपल्या मनानं बंद करायची नसतात. तिचं सगळं ठीक होतं. डायक्लोफिनॅकबद्दलही सांगितलं. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या वेदनाशामकांनी, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, केटोरोलॅक यांनी, बाळाच्या किडनीवर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये तसा इशारा दिला आहे. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचीही भीती असते. तिनं ती तीन दिवस घेतली होती, म्हणून गायनॅकनी सोनोग्राफी करून घेतली. पाणी व्यवस्थित होतं.

एक्स-रे, भूल आणि खुर्ची

एक्स-रेचा आकडा मी त्यांना कागदावर लिहून दाखवला, कारण "काही होत नाही" एवढ्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा? दाताच्या एका छोट्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग सुमारे ०.००५ मिलिसीव्हर्ट असतो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षभरात जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. भागाकार केला तर एक एक्स-रे म्हणजे एका दिवसापेक्षाही कमी. तोही जबड्यावर रोखलेला, पोटापासून दूर. गर्भाशयापर्यंत जे पोचतं ते मोजण्याइतकंही नसतं. बाळात व्यंग येण्याची काळजी ५० मिलिग्रेच्या, म्हणजे एक्स-रेच्या हिशेबात साधारण ५० मिलिसीव्हर्टच्या, पुढे सुरू होते, आणि दातांचे एक्स-रे त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. तिच्या दाढेला एकूण तीन लागले: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मुळाची लांबी मी मशिननं मोजली, त्यामुळे जास्त काढावे लागले नाहीत. घरच्यांच्या समाधानासाठी शिशाचा अ‍ॅप्रन घातला. उगाच "एकदा बघून घेऊ" म्हणून मात्र गरोदरपणात मी एक्स-रे काढत नाही. उपचार ज्यावर ठरणार आहे तेवढाच काढते.

आता सुई. दातांच्या भुलेत लिग्नोकेन असतं. बाळंतपणात टाके घालताना जे टोचतात तेच. मी २ मिली वापरलं, म्हणजे ४० मिलिग्रॅम. तिचं वजन ५८ किलो. अगदी काटेकोर हिशेब धरला तरी किलोमागे ४.४ मिलिग्रॅमनं तिची मर्यादा २५० च्या वर जाते. त्यातलं थोडं वारेतून बाळाकडे जातं, हे खरं आहे, पण इतक्या कमी मात्रेनं अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. भुलेत अगदी सूक्ष्म अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्याचीही लोकांना भीती वाटते. उलट त्यानं जवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जबड्यातच टिकून राहतं आणि रक्तात कमी उतरतं. रक्तदाब फार चढलेला असेल तर मात्र त्याचा वेगळा विचार करावा लागतो, म्हणून तर आधी फोन. सुई टोचल्यावर आधी मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघायचं आणि मग सावकाश सोडायचं, हा नियम सगळ्यांसाठीच आहे. गरोदर बाईच्या बाबतीत मी तो मोजून पाळते.

भूल टाळून "थोडं सहन कर" म्हणणं मला पटत नाही. कळ लागली की तिच्याच शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा लोट येतो, मी टोचलेल्यापेक्षा कितीतरी जास्त.

खरी काळजी घ्यावी लागते ती खुर्चीची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. विसाव्या आठवड्यानंतर बाई पाठीवर सपाट झोपली की गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतं. पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. म्हणून खुर्ची अर्धी उभी ठेवली, उजव्या कुशीखाली छोटी उशी घालून तिला थोडं डावीकडे कलंडवलं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबलो. मध्ये एकदा तिनं हात वर करून "गरगरतंय" म्हटलं. तिला पूर्ण डाव्या कुशीवर वळवलं, दोन मिनिटांत बरं वाटलं. तुम्ही अशा खुर्चीत असाल आणि असं वाटलं तर संकोच करू नका, लगेच हात वर करा.

पहिल्या बैठकीत दाढ उघडली, आतली कुजलेली नस काढली, तिन्ही नळ्या धुतल्या, औषध भरून तात्पुरतं सिमेंट लावलं. चाळीस मिनिटं लागली. दाब मोकळा झाला आणि ती त्या रात्री झोपली. गालावर सूज आली होती म्हणून, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही हे विचारून, गायनॅकशी बोलून अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच दिवस. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल ५०० ची, दुसऱ्या कशात न मिसळलेली. आपल्याकडे दातदुखीला सर्रास घेतली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडगोळी गरोदरपणात आपल्या मनानं घेऊ नये, आणि डॉक्सिसायक्लिनच्या जातीचं औषध तर नकोच. त्यानं बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. आठवड्यानं दुसऱ्या बैठकीत रूट कॅनाल पूर्ण केलं आणि तिसऱ्या वेळी हिरड्यांचं कीटण काढलं.

स्केलिंगनं दात हलायला लागतात, ही समजूत इथे आडवी येते. कीटण दातांच्या फटी बुजवून बसलेलं असतं. ते निघालं की फट जिभेला जाणवते. आणि गरोदरपणात दाताभोवतीचे धागे थोडे सैलावल्यानं दात किंचित हलल्यासारखेही वाटतात, स्केलिंग केलं नाही तरी. हिरडीतून पू येत असेल किंवा एखादा दात स्पष्ट हलत असेल तर प्रश्न हाडापर्यंत गेला आहे आणि हिरडीच्या आत खोल सफाई लागते.

हिरड्या आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ

हिरड्यांचा जुना आजार असलेल्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण जास्त दिसतं, असं १९९६ पासून बोललं जातं. मग हिरड्या बऱ्या केल्या तर ते टळेल का, हे अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर तपासलं गेलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले. निम्म्या जणींच्या हिरड्यांची खोल सफाई २१व्या आठवड्याच्या आत केली, बाकीच्यांची बाळंतपणानंतर. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १२.८ टक्के. म्हणजे जवळपास सारखीच. हिरड्या मात्र पहिल्या गटाच्या सुधारल्या.

यातून मी घरच्यांना दोन गोष्टी सांगते. हिरड्या साफ केल्यानं बाळ वेळेवर येईल असं वचन कुणी देत असेल तर ते देता येत नाही. आणि भूल देऊन, हिरडीच्या आत शिरून केलेल्या उपचारांनी बाळाला काही वाईट झालं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की भूल, एक्स-रे, फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं हे गरोदरपणात करता येतं आणि लांबवू नये. सोईचा काळ चौथा ते सहावा महिना, कारण उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून खुर्चीत अडचण करत नाही. पण ठणक आणि सूज यांना महिना बघायचा नसतो. लांबवायचं ते दात पांढरे करणं, तारा लावणं, न दुखणारी अक्कलदाढ काढणं.

हिरडीवर, बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दातांच्या मध्ये, लालबुंद मऊ गाठ येते, तिचं नाव ऐकून बायका रडतात. डॉक्टर तिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, पण तो कॅन्सर नाही. हात लागला की भळभळून रक्त येतं एवढंच. बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप आकसते. चावताना आड येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच आधी काढायची, कारण गरोदरपणात काढली तर पुन्हा उगवू शकते.

एका परिस्थितीत दातांच्या दवाखान्याची वेळही बघायची नाही. सूज गालावरून जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड दोन बोटंही उघडेना, गिळताना त्रास, जीभ वर उचलल्यासारखी, ताप. मग रात्री दोन वाजले असले तरी जिथे बाळंतपणाचा विभाग आणि आयसीयू दोन्ही आहेत अशा मोठ्या इस्पितळात जायचं. अशा सुजेनं श्वास अडू शकतो. अर्धवट गोळ्यांवर काढलेले महिने कधीकधी इथे येऊन पोचतात.

खर्चाची अडचण असेल तर नवी मुंबईत नेरूळ, खारघर आणि कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. तिथल्या ओपीडीत खासगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत हेच उपचार होतात. सकाळी लवकर, नाश्ता करून जायचं, गरोदरपणाची फाइल सोबत न्यायची आणि खिडकीवरच कितवा महिना ते सांगायचं.

ती बाळंतपणानंतर दहाव्या आठवड्यात आली, बाळाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून. दाढेवर कॅप बसवायची राहिली होती, तिचं माप घेतलं. पुढच्या हिरड्या गुलाबी होत्या. खालच्या शेवटच्या दाढांच्या आतल्या बाजूला मात्र अजून रक्त येत होतं, कारण तिथे ब्रश पोचत नव्हता. तेवढं कीटण काढलं, ब्रशचं डोकं आणखी लहान घ्यायला सांगितलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.